सहा नंबरचं कुलूप

आमच्या आष्टीच्या द्वारकाबाईचा सूड सांगतो. असा झकास सूड मी दुसरा पाहिला न्हाई!

नवरा गेल्यावर जालन्याच्या एमआयडीसीजवळच्या तिच्या सहा खोल्यांचं भाडं दीर अण्णासाहेब रोखीनं गोळा करायचा. गावी येऊन पाचच खोल्यांचे पैसे टेकवायचा. "सहा नंबरचं छत गळतं, वहिनी. कुलूप लावलंय." चाळीस महिने हेच. तेही कधी दहा तारखेला, कधी वीसला.

उशिराला कंटाळून बाई साजियाकडे गेली. साजिया आमच्या बाजारातल्या दुकानांचे हिशेब लिहिते. ती म्हणाली, "मावशी, भाडं सरळ खात्यावर मागवा. पन सगळ्यांचं बावीसशेच. रक्कम पाहून कोन भरलं ते कळायचं न्हाई. शेऱ्यात खोली अन् महिना लिहायला लावा." मंग तिनं आधी स्वतःच्या खात्यातून एक रुपया पाठवून शेरा पासबुकात उमटतो का ते पाहिलं. उमटला. खाते क्रमांकाची सूचना एक नंबरच्या भाडेकरूनं नळाजवळ चिकटवली. अण्णासाहेब हसला, "कामगार लोक कागद वाचतात व्हय?" त्या तोऱ्यात तो सहा नंबरवाल्याला गप करायचं विसरला.

सहा जूनला दोघी पासबुक घेऊन बसल्या. यादीत खोल्या पाच. एकेक जमा जुळवून साजिया पेनानं खूण करत गेली. पाच खुणा झाल्या, अन् बावीसशेची एक जमा उरली. शेरा: 'खोली सहा, जून'. पाठवणारा महेबूब.

"मावशी, गळक्या छताखाली मानूस राह्यलाय!"

द्वारकाबाई रडली न्हाई. एक नंबरवाल्याकडून नंबर घेऊन महेबूबला फोन लावला. तो म्हणाला, "साडेतीन साल होत आले, अम्मा. अण्णासाहेबांच्या हातात देत होतो. पावती कधीच न्हाई दिली." बाईनं पावती लिहिली: नंबर, तारीख, खोली, महिना, रक्कम, व्यवहार क्रमांक. मंग एसटीनं जालना गाठलं. नळावर सगळे भाडेकरू जमवले अन् दिराला बोलावलं.

"भावजी, ही पावती सहा नंबरला तुमच्याच हातानं द्या."

अण्णासाहेबाचं तोंड पांढरं पडलं. "वहिनी, घरातलं घरात..."

"चाळीस महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार घरातलेच व्हते. पोलीस ठाण्यात जायचं का? महेबूब साक्षीला हाय."

तो कबूल झाला. पन एकदम पैसे न्हाईत, दर महिन्याला दोन महिन्यांचं भाडं देतो म्हणाला. बाईनं अट घातली: रोख घेणार न्हाई. खात्यावरच पाठवायचे, अन् शेऱ्यात स्वतः लिहायचं, 'सहा नंबरचं मी खाल्लेलं भाडं'. एवढा मजकूर मावेना म्हणून साजियानं तोडून 'खाल्लेलं सहा' केलं.

जुलैत त्यानं शेरा कोरा ठेवला. बाईनं ते पैसे 'ओळख न्हाई' म्हणून वेगळे लिहिले, पावती दिली न्हाई अन् बाकी तेवढीच ठेवली. दोन दिवस फोन करून शेवटी तो आष्टीला आला, व्यवहार क्रमांक दाखवला, अन् माझ्यासमोर म्हणाला, "माझेच हायेत ते, वहिनी. खाल्लेले."

"आता जुळलं," म्हणत बाईनं पावती फाडून त्याच्या हातात दिली.

अजून एकोणीस पावत्या बाकी हायेत. प्रत्येकीची मी वाट पाहून राह्यलो.