पुष्पाबाईंनी टाइप केलेलं हसू

धुळ्यात एसटी स्टँडजवळ गिरधरशेठांचं एसटीडी बूथ होतं. नव्याण्णव साली त्यांनी तिथे काँप्युटर बसवला आणि बाहेर पाटी लावली : ‘येथे ई-मेल पाठवून मिळेल’. काँप्युटर आला, पण चालवणार कोण? शेठांनी पुष्पाबाई बैसाणेंना विचारलं.

पुष्पाबाई तोवर कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज टाइप करत. नवरा लवकर गेला. टाइपरायटरवर त्यांनी घर चालवलं, दोन मुलींना शिकवलं. हात असा बसलेला की कागदाकडे न बघता बोटं चालायची. ‘बाईंच्या अर्जात खाडाखोड नसते’ असं वकील म्हणत, आणि ते ऐकलं की बाई उगाच पदर सारखा करत.

साक्रीकडच्या एका खेड्यातून झुंबरबाई बाजाराला म्हणून धुळ्याला यायच्या आणि सगळ्यांत आधी बूथवर जायच्या. त्यांचा सुकदेव धुळ्यातच इंजिनिअर झाला आणि काँप्युटरच्या कामावर अमेरिकेला गेला. गावात फोन नव्हता. झुंबरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बाकड्यावर बसून अहिराणीत सांगायच्या, पुष्पाबाई टाइप करायच्या. काँप्युटरवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे.

पहिल्या वेळी झुंबरबाई म्हणाल्या, “त्याले लिख, यंदा येऊ नको रे भाऊ, सुट्टी काढाले तुले त्रास व्हई.”

पुष्पाबाईंनी अर्जाच्या सवयीनं मजकूर नेटका केला. सगळी अक्षरं मोठी घेतली आणि लिहिलं, ‘यंदा येऊ नको.’ पुढे ठसठशीत पूर्णविराम.

सुकदेवचं उत्तर आलं : ‘आई रागावली आहे का? मोठ्या अक्षरांत लिहिलं की इथे ओरडल्यासारखं वाटतं. आणि “येऊ नको” म्हणून तिथेच थांबली? आई अशी बोलत नाही.’

बाई विचारात पडल्या. चूक एकही नव्हती. पण झुंबरबाईंचा ‘रे’ त्यांनी गाळला होता, ‘भाऊ’ गाळला होता, आणि त्या जागी टिंब ठोकलं होतं. अर्जात जे टिंब नीटनेटकं दिसतं, तेच आईच्या तोंडी दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं.

सुकदेवच्या मेलमध्ये अधूनमधून एक खूण असायची :-) बाईंना ती टायपिंगची चूक वाटली होती. त्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं कळवलं : ‘मान डाव्या खांद्याकडे कलती करून बघा. दोन टिंबं म्हणजे डोळे, आडवी रेघ नाक, कंस म्हणजे तोंड. हसणारा माणूस.’ बाईंनी मान कलती केली आणि स्वतःच हसल्या. झुंबरबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, “ओ माय, हाई तर हासी राह्यनं!”

मग बाईंनी हात सैल सोडला. म्हैस व्याली :-) ज्वारी बरी आहे :-) पाऊस झाला!!! :-) प्रत्येक ओळीला एक हसू. मुलाला बरं वाटावं, एवढाच हेतू.

त्याच सुमारास सुकदेवचे वडील आधारआबा बैलगाडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. झुंबरबाई सांगताना थांबत थांबत सांगत होत्या. मुलगा घाबरू नये म्हणून बाईंनी लिहिलं, ‘आबा गाडीवरून पडले, पाय मोडला, प्लॅस्टर घातलं आहे :-)’

सुकदेवनं ते वाचलं आणि बूथवर फोन लावला. लागेना. काँप्युटरचं इंटरनेट त्याच फोनच्या तारेवर चालायचं, त्यामुळे बाई मेल पाठवत असल्या की बाहेरून फोन गुंतलेला वाटे. पुष्कळ खटपटीनंतर लागला, तेव्हा त्यानं एकदम विचारलं,

“पुष्पाताई, खरं सांगा. आबा आहेत ना?”

“आहेत हो! पायच मोडलाय फक्त. असं का विचारता?”

“मग हसलं कोण? बापाचा पाय मोडला म्हणताना माझी आई हसेल का? मला वाटलं, काहीतरी लपवण्यासाठी वरून हसू लावलंय. टिकलीसारखं चिकटवल्यागत दिसत होतं ते.” मग जरा शांत होऊन तो म्हणाला, “तुमचा हेतू चांगला होता, कळतंय मला. पण ती जिथे हसली, तिथेच टाका. नाही हसली तर नको. मी तिला ओळखतो.”

पुष्पाबाईंना वाईट वाटलं, पण त्या खचल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी खुर्ची वळवून घेतली. आधी पडद्याकडे तोंड असायचं, आता झुंबरबाईंकडे. बोटं तर न बघताही चालत होतीच.

झुंबरबाई बोलू लागल्या. “तुना बापना पाय आते बरा शे. काठी लिसन चालस. दुखस, पन सांगत नही...” इथे त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाईंनी तीन टिंबं दिली, पूर्णविराम दिला नाही. “काल म्हशीनं त्यासनी काठीच वढी लिधी!” म्हणून झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तिथे बाईंनी हसू टाकलं. सबंध मेलमध्ये ते एकच. ‘रे’ होता तिथे ‘रे’ ठेवला. उद्गारचिन्ह एकच, काठीच्या पुढे. अहिराणीचं शुद्ध मराठीही केलं नाही.

उत्तर आलं : ‘आज आईचा आवाज ऐकू आला. म्हशीपाशी मीही हसलो. पुष्पाताई, तिथे ती पदर तोंडाला लावते ना?’

बाईंनी ते वाचून दाखवलं. झुंबरबाई चकित झाल्या. “त्याले तथाईन दिसनं?”

ही गोष्ट बूथवर बसणाऱ्यांनी ऐकली आणि पसरली. पार धरणगावची माणसं, धुळ्याला आली की, पुष्पाबाईंकडूनच मेल लिहून घेऊ लागली. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “बाई, चार-पाच हसरे टाका ना, सूनबाई खूश होईल.” बाईंनी विचारलं, “भाऊ, तुम्ही कुठं हसलात ते सांगा, तिथे टाकते.” गृहस्थ आठवू लागले. मग नातवाचा पहिला दात आठवून त्यांचा चेहरा उजळला. “इथं टाका,” ते म्हणाले. बाईंनी टाकलं.

थंडी संपत आली, तेव्हा सुकदेवनं कळवलं की तो उन्हाळ्यात घरी येतोय. झुंबरबाई बाकड्यावरून उठल्याच. म्हणाल्या, “आज ते हासनारं मी करसू.”

पुष्पाबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तीन कळा दाखवल्या. आयुष्यात पाटी-पेन्सिल न धरलेलं, शेणामातीनं चिरा पडलेलं बोट कळेवर आलं. एक. दोन. तीन. पण टिंबांच्या आणि कंसाच्या वेळी शिफ्टची कळही दाबून धरावी लागते. ते सांगायचं राहिलं, म्हणून पडद्यावर उमटलं ;-0

बाईंनी दुरुस्तीसाठी हात पुढे केला. इतकी वर्षं एकही खाडाखोड त्यांच्या कागदातून गेली नव्हती. पण झुंबरबाई मान कलती करून पडद्याकडे बघत होत्या, आणि मग बूथमधल्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “हाई मी लिखं!”

बाईंनी हात मागे घेतला. मेल तसाच पाठवला.

सुकदेवनं लिहिलं : ‘एक डोळा मिचकावून आ वासलेला हा कोण? पण ओळखलं. हे पुष्पाताईंचं नाही, हे आईचं. माझ्या आईनं मला लिहिलेलं पहिलं अक्षर. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.’

पुष्पाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. गिरधरशेठांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. झुंबरबाईंनी पदर सारखा केला, ताठ बसल्या, आणि म्हणाल्या, “पुष्पा, आखो एकदाव वाच.”