अशी बाई इथं न्हाई

कॅनडाच्या वकिलातीनं दिल्लीहून मला पत्रानं कळवलं, की जिथं मी इतकी वर्षं नोकरी करत होते, तिथं मी नोकरी करतच नाही.

पत्र आमच्या यांनी वाचून दाखवलं. हे बदनापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, वर्गात आवाज खणखणीत. पण त्या दिवशी एकेका ओळीला आवाज बारीक होत गेला. आम्ही आपल्या कंपनीत फोन केला, या नावाची कोणी व्यक्ती इथं नाही असं सांगण्यात आलं, तरी आपण खोटी माहिती दिली असं का समजू नये, याचा मुदतीत खुलासा करावा. खोटं ठरलं तर अर्ज जाणारच, वर दोन वर्षं पुन्हा अर्ज करायचीही बंदी. हे ऐकून मी काय केलं असेल? उठले आणि दाराला आतून कडी लावली. जणू दिल्लीचे पोलीस जालना स्टेशनावर उतरून रिक्षात बसलेच होते.

तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडे होते. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये काम करायचे. माझा भाऊ टोरांटोकडे स्थायिक झाला होता, त्याच्या सांगण्यावरून मी नोकरीच्या अनुभवावर तिथं कायमचं राहायला जायचा अर्ज केला होता. अर्जदार मी, नवरा आणि दोन मुलं माझ्या मागे. या गोष्टीचा मला केवढा तोरा! शेजारणीला सांगायचे, "यांना मी घेऊन जाणारे." आता त्या मिरवणाऱ्या बाईची दातखीळ बसली होती.

अनुभवाचं पत्र तर किती जपून केलेलं. कंपनीचं नेहमीचं पत्र तीन ओळींचं असायचं: इतकी वर्षं काम केलं, वागणूक चांगली, पुढील आयुष्यास शुभेच्छा. तेवढ्यानं तिकडं भागत नाही. काय काय काम करता ते त्यांना सविस्तर लागतं, आणि त्यांच्या पुस्तकात त्या हुद्द्याची जी कामं लिहिली आहेत त्यांच्याशी ते जुळावं लागतं. भावानं त्या पुस्तकातलं पान पाठवलं. मी शहाणीनं ते पान जसंच्या तसं उतरवलं आणि लॅबच्या साहेबांपुढं सहीला ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला.

"ताई, आपण मासे कधी पाळले?"

"कुठं काय, साहेब."

"हितं लिवलंय तुम्ही. आन् हे जंगलातले किडे?"

"सगळंच असलेलं बरं, म्हटलं."

"जे केलं तेच लिवा. उद्या कुणी इचारलं तर मला सांगावं लागंल."

मग लिहिलं ते खरंखुरं. ओल्या कागदात बी ठेवून उगवण तपासणं, धड रोपं आणि बिघडलेली रोपं वेगळी मोजणं, ओलावा काढणं, कपाशीचं वाण अस्सल आहे का ते शेतात लावून पाहणं, नोंदी ठेवणं. हुद्दा मला 'सीड अॅनालिस्ट' हवा होता. साहेब म्हणाले, "पगाराच्या चिठ्ठीवर लॅब असिस्टंट, फॉर्म सोळावर लॅब असिस्टंट, मंग पत्रावर दुसरंच कसं? त्यांना नाव न्हाई, काम पाह्यचंय." मी गाल फुगवून बसले, पण ऐकलं.

एवढं सगळं करून हे पत्र! सकाळी कंपनीत गेले ती थेट फोनकडं. फोनपाशी आमचे मामा बसायचे, ऑफिसचे जुने शिपाई.

"मामा, मागं कधी दिल्लीहून फोन आल्ता का?"

"आल्ता की! कुणी साहेब हिंदीत बोलून राह्यला होता. तुमचंच नाव घेतलं त्यानं. मी बिलकुल दाद दिली न्हाई. बराबर सांगितलं, अशी बाई इथं न्हाई. त्यानं पुन्हा इचारलं, मी पुन्हा सांगितलं."

आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघत राहिले. ही रीत मीच पाडली होती. पेरणीच्या दिवसांत कुठं बी उगवलं नाही की दुकानदार, शेतकरी लॅबच्या नावानं फोन करायचे. एकदा एका दुकानदारानं मला असं झोडपलं, की मी डोळे पुसत मामांना म्हटलं होतं, माझं नाव कुणी घेतलं की सांगायचं, अशी बाई इथं नाही. मामांनी तो हुकूम दिल्लीलाही लागू केला.

आता खुलासा कंपनीनं द्यायला हवा होता. साहेब मला शेठकडं घेऊन गेले. शेठ ऐकता ऐकताच हात हलवायला लागले.

"लेटरहेडवर लिहून देऊ, की आमच्याकडं फोनवर खोटं सांगतात? बी उगवलं न्हाई म्हणून ग्राहक मंचात केस चालू हाय. तो कागद वकिलाच्या हाती पडला तर मला उभा चिरंल तो."

"शेठ, माझं सगळं यावर आहे हो."

"आन् माझं?"

ते दरडावत नव्हते, घाबरले होते. भ्यालेला मालक मी पहिल्यांदाच पाहिला, आणि माझा उरलासुरला धीर गेला. नोकरीही जाणार असं वाटून मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.

साहेबांनीच हळूच वाक्य सुचवलं: हंगामात बाहेरचे फोन लॅबमधल्या लोकांना जोडून दिले जात नाहीत, त्यामुळं फोनवरच्या माणसानं त्या इथं नाहीत असं सांगितलं, त्या आजही आमच्या नोकरीत आहेत. शेठनी ते चार वेळा वाचलं. "ह्यात खोटं काय न्हाई ना?" "न्हाई, शेठ." मग सही केली, आणि लॅबच्या थेट फोनचा नंबर खाली टाकू दिला.

त्या पत्रामागं मी गठ्ठा लावला. पगाराच्या चिठ्ठ्या, त्याच रकमा जमा झालेलं बँकेचं पासबुक, सगळे फॉर्म सोळा, आयकर ऑफिसच्या शिक्क्याच्या रिटर्नच्या पावत्या. सुरुवातीला पगार रोख मिळायचा, चिठ्ठी नसायची. त्या वर्षांसाठी प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा. रकमा पुन्हा पुन्हा जुळवून पाहायचे. एखादा आकडा चुकला तर? 'खोटी बाई' म्हणून माझ्या मुलांच्याही नावापुढं शिक्का बसला तर? यांना झोपेतून हलवून विचारायचे, "अहो, मी नोकरी करते ना?"

"करतीस. झोप आता."

एके दिवशी दुपारी लॅबमधला फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. माझ्या हातात रोपांचा ओला कागद, तो तसाच धरून मी भिंतीला टेकले.

"जी. हां जी, यहीं काम करती हैं... बीज की जाँच... उगाती हैं, गिनती हैं..." मग फोन दुसऱ्या कानाला लावला. "जी नहीं. सही मेरी होती है, रिपोर्ट वो बनाती हैं।" हे खरं होतं, पण मला वाटलं, गेलं! सही आपली नाही, म्हणजे कामही आपलं नाही ठरणार. साहेबांनी फोन ठेवला आणि मटकन बसले.

"काय म्हणाले?"

"पाणी द्या आधी, ताई."

पाणी पिऊनही त्यांना सांगता येईना. पलीकडच्या माणसानं आभार मानून फोन ठेवला होता, एवढंच.

त्यानंतर लिफाफा आला तो फार दिवसांनी. मी तो फोडू दिला नाही. पाटाखाली ठेवला, देवापुढं ठेवला. शेवटी सासूबाई ओरडल्या, "अगं, फोड ना ते! का त्याला अंडी घालू देती?" यांनी फोडला. आत डॉक्टरी तपासणीचे फॉर्म होते, चौघांचे. हे म्हणाले, "म्हणजे तुझी नोकरी मानली त्यांनी. त्याशिवाय हे धाडत नाहीत."

सासूबाई देवापुढं साखर ठेवायला गेल्या. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. मुलं घाबरून जवळ आली.

"आता काय झालं?" यांनी विचारलं.

"अहो," मी म्हटलं, "आता तिथं जावं लागंल की!"