सरांपुढे न हरणारा फुल्ली-गोळा

आमच्या पेणच्या कॉलेजात फुल्ली-गोळ्याचा एकच प्रोग्राम वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे वारशासारखा चालत आला होता. एआयच्या विषयाची असाइनमेंटच ती: मिनिमॅक्स वापरून संगणकाला खेळायला शिकवा. मिनिमॅक्स म्हणजे पुढचे सगळे डाव शेवटपर्यंत तपासायचे. आपल्या पाळीला आपल्या सर्वांत फायद्याची चाल धरायची आणि समोरच्याच्या पाळीला आपल्या सर्वांत तोट्याची.

वारशातल्या प्रोग्राममध्ये दोन्ही पाळ्यांना फायदाच धरलेला. समोरचा माणूस आपल्याच भल्यासाठी खेळतोय, असा त्या बिचाऱ्या संगणकाचा समज! अडवायचं म्हणून तो कधी अडवायचा नाही. सर दरवर्षी जिंकायचे आणि खुशीत असाइनमेंटच्या फाईलवर सही करायचे. चूक सगळ्या वर्गाला ठाऊक होती. दुरुस्त करायचा गाढवपणा कोणी केला नव्हता, तो मी केला.

सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर हाताशी आलेली नोकरी गेली. हे मला माहीत होतं. पण अक्कल कुठे होती?

सर खुर्ची ओढून बसले. पहिला डाव बरोबरीत. दुसरा बरोबरीत. मग सर रागारागात खेळले आणि चक्क हरले.

"तुझा प्रोग्राम चुकलाय," सर म्हणाले.

"सर, तो हरू शकत नाही. तेच तर बरोबर आहे."

"सगळ्यांचा हरतो. तुझाच कसा हरत नाही?"

कपाळ माझं! "दुरुस्त करून आण, मग सही," म्हणून सरांनी फाईल माझ्याकडे सरकवली. संताप असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिथेच बसून मी एक आकडा बदलला: संगणकाने फक्त स्वतःची एकच चाल पुढची बघायची. झालं, आंधळा झाला. सरांनी मधल्या घरात फुल्ली मारली, मग कोपऱ्यात, मग समोरच्या कोपऱ्यात. संगणक भलतीकडेच गोळे मांडत बसला.

"बघ! सापडली की नाही चूक?" सरांनी झोकात सही केली. बाहेर खालच्या वर्गातली मुलं पेनड्राइव्ह घेऊन उभीच होती. त्यांना तोच आंधळा प्रोग्राम हवा होता.

रोह्याला घरी आले. आई भाकऱ्या उरकून माझ्याशेजारी बसली. आकडा पूर्ववत करून तिला खरा प्रोग्राम लावून दिला आणि सरांचं सगळं सांगितलं. ती खेळली, पुन्हा खेळली. कधी बरोबरी, कधी हार.

"यो काय हरत नाय गो."

"नाय हरणार."

"मंग याच्यावर सही कोन करनार?"

मला हसू आलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसले.