मधूनच निघून गेलेली अकरा माणसं

एखाद्या अभ्यासात तुम्ही नाव दिलंत आणि दुखणं वाढलं म्हणून मधूनच सोडून गेलात, तर शेवटच्या तक्त्यात तुम्ही असायला हवं की नको?

माझे बाबा पत्रकं काढायचे. रायपूरच्या गोल बाजारातल्या छापखान्यातून गठ्ठा यायचा आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचा पत्ता असायचा. एवढी जागा काहून वाया घालवता, असं मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "उद्या कोणी जाब विचारायले निघालं, तर त्याले दार सापडलं पाहिजे."

पुढे मी रायपूरच्याच एका फिजिओथेरपी कॉलेजात सांख्यिकी शिकवू लागले. शोधनिबंध बाहेर पाठवण्याआधी त्यातलं 'पद्धती' हे प्रकरण तपासायचं काम माझ्याकडे आलं. तिथेही मी तेच दार शोधायची.

कॉलेजात सगळे ज्यांना दीदी म्हणायचे, त्यांचा निबंध आला. बरीच वर्षं लोकांच्या पाठी-कंबरा बऱ्या करून दीदी चाळिशीत पुढच्या पदवीला बसल्या होत्या आणि हा त्यांचा पहिलाच निबंध. शहरातल्या भनपुरी भागातल्या ट्रक ड्रायव्हरांची कंबरदुखी हा विषय. चिठ्ठ्या काढून दोन गट केले होते, एकाला व्यायाम आणि दुसऱ्याला नुसता सल्ला. निष्कर्ष ठळक होता: व्यायामाने दुखणं कमी होतं.

निबंधात लिहिलंय तेवढ्यावरून व्यायाम करता येतो का ते पाहायला मी त्यांच्याच खोलीत चटईवर आडवी झाले.

"दीदी, इथं 'कंबरेचे व्यायाम दिले' एवढंच आहे. आता काय उचलू?"

"अवो, गुडघे वाकव आधी! मग कंबर."

"किती वेळा?"

"दहा."

"कुठं लिहिलंय?"

"मले माहीत आहे ना."

"तुम्हाला आहे. संबलपूरच्या एखादीला हाच अभ्यास परत करायचा असेल तर ती तुम्हाला फोन लावणार का?"

"लावू दे, चहा पाजीन," म्हणत दीदी हसल्या आणि लिहायला बसल्या. कोणते व्यायाम, किती वेळा, किती आठवडे. चिठ्ठ्या कोणी बनवल्या, कोणी उचलल्या. फरक नुसता योगायोगाने पडला असेल का, याचा अंदाज देणारा 'पी'चा आकडा मी एकटा सोडू दिला नाही. दोन गटांत फरक किती आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, तेही त्याच्या शेजारी मागितलं.

घरी जाऊन तक्ते पाहिले. पहिल्या तक्त्यापेक्षा शेवटच्या तक्त्यात अकरा माणसं कमी होती, आणि त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. माझं डोकं तापलं. समासात मी लाल पेनने लिहिलं, 'माणसं गायब करणं हा खोटेपणा आहे.' सकाळी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवून वर्गावर गेले.

दुपारी दीदी आल्या. डोळे लाल. माझ्यापुढे त्यांनी एक जाड डायरी उघडली. त्यात अकराही जणांची नोंद होती. बायको बाळंत, गावी गेला. लांबची फेरी लागली. व्यायामाने जास्त दुखतं, येत नाही म्हणतो. अभ्यास संपायच्या दिवशी दीदींनी प्रत्येकाला फोन करून शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हेही विचारलं होतं. आठ जणांनी सांगितलं. तिघांचे फोन बंद होते.

"मग घेतलं का नाही यांना?"

"व्यायाम पुरा केलाच नाही त्यानं, तर त्याच्यावरून व्यायाम कसा जोखू? मले असं वाटलं. खोटं नव्हतं बोलायचं वो पोट्टी."

मी सांगितलं, की चिठ्ठीने जो ज्या गटात आला तो तिथेच मोजायचा, व्यायाम करो न करो. ज्यांना दुखलं ते गेले आणि आपण राहिलेल्यांचीच सरासरी काढली, तर व्यायाम आहे त्याहून चांगला दिसतो.

आठ जणांना आपापल्या गटात घेऊन हिशेब परत लावला. फरक लहान झाला, आणि त्याच्या दोन टोकांच्या मध्ये आता शून्यही आला, म्हणजे फरक मुळीच नसूही शकत होता.

"म्हणजे बुडाला माझा पेपर?"

"नाही दीदी. फायदा असेल, नसेलही. एवढ्या माणसांवरून ठरत नाही, इतकंच."

त्यांनी डायरीतली 'जास्त दुखतं' ही नोंद परत वाचली. मग म्हणाल्या, "जास्त दुखतं म्हणणाऱ्याचं ऐकलं तर मीच होतं. लिही. आठ जणांचं फोनवर विचारलं, तिघांचं कळलंच नाही, सगळं लिही. माझ्या गाईड सरायले मी सांगीन. तू फक्त बाजूले उभी राहा."

मी उभी राहिले. त्याआधी समासातलं माझं वाक्य खोडून तिथे लिहिलं, 'ही माणसं कुठे गेली?' पहिल्यांदाच एवढं विचारलं असतं, तर दीदी रडल्या नसत्या.

निबंध नियतकालिकाकडे गेला आहे, उत्तर अजून यायचं आहे.

तुमच्या हाती असा एखादा निबंध आला, तर पहिल्या आणि शेवटच्या तक्त्यातली माणसं मोजा. कमी भरली तर लिहिणाऱ्याला पत्र टाका आणि ती कुठे गेली ते विचारा. पण नीट विचारा. त्याच्याकडेही एखादी डायरी असेल.