आठ अपेक्षित इशारे

कावासाकीच्या ऑफिसात माझ्या टेबलावर तीन याद्या असतात: आजची, या आठवड्याची आणि कुणाकडून काय यायचं आहे त्याची. त्या सप्टेंबरात तिसरी यादी सगळ्यांत लांब होती. तिच्या टोकाला माझं स्वतःचं काम अडकलं होतं, काँट्रॅक्ट पुढे वाढवायचं. ते महिनाअखेरीस संपत होतं. मुलगी कोतोमधल्या भारतीय शाळेत बारावीला, तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नवऱ्याची नोकरी पुण्यात, त्यामुळे तिचा व्हिसा माझ्यावर. मला मार्चअखेरपर्यंतचे सहा महिने हवे होते आणि काचो, म्हणजे आमचे सेक्शनप्रमुख, ते मिळतील असं म्हणाले होते. कागद वीस तारखेला वर जायचे होते.

तीन तारखेला कारखान्यातून मेल आला. आमचं सॉफ्टवेअर पॅकिंगच्या काट्यांवर चालतं. कोणत्या आकड्यातून काय वजा करायचं, कशाने गुणायचं, ते सूत्र तिथले लोक स्वतः टाइप करतात आणि आमचा प्रोग्रॅम ते वाचून उत्तर काढतो. नवीन लाइनवर कुणीतरी साधं सूत्र लिहिलं होतं: एकूण वजन वजा खोकं वजा झाकण. पन्नास वजा सहा वजा दोन. उत्तर बेचाळीस यायला हवं. काट्यावर शेहेचाळीस दिसत होतं. कंस घातले की बरोबर येतं, असंही त्यांनी लिहिलं होतं.

काचोंनी मेल वाचला आणि म्हणाले, "उन्योने टाळता येईल का?"

हा शब्द मी इथे पहिल्याच वर्षी शिकले. उन्यो म्हणजे रोजचा वापर. दोष तसाच ठेवायचा आणि वापरणाऱ्यांना त्याला वळसा घालायला शिकवायचं. कंस घाला, असं एक पत्रक काढलं की झालं.

"आधी कारण बघते," मी म्हणाले.

कारण अर्ध्या तासात सापडलं, आणि त्यामुळेच जास्त चीड आली. सूत्र कसं वाचायचं याचे नियम एका फाइलमध्ये असतात. त्याला आम्ही ग्रामर म्हणतो, आणि त्यावरून एक टूल वाचणारा प्रोग्रॅम तयार करून देतं. आमच्या ग्रामरमध्ये दोन पायऱ्या होत्या: वर बेरीज-वजाबाकी, खाली गुणाकार-भागाकार. त्यामुळे दोन अधिक तीन गुणिले चार याचं उत्तर चौदाच यायचं, वीस कधीच नाही. डेमोमध्ये सगळे हेच तपासतात. पण वजाबाकीचा नियम असा लिहिला होता: राशी, वजाचं चिन्ह, राशी. दोन्ही बाजूंना तीच राशी. मग पन्नास वजा सहा वजा दोन याची दोन झाडं, म्हणजे आधी काय आणि मग काय करायचं याच्या दोन आकृत्या, काढता येतात. एकात आधी पन्नासातून सहा जातात आणि मग दोन. दुसऱ्यात आधी सहातून दोन जातात, आणि उरलेले चार पन्नासातून. मी दोन्ही कागदावर काढली. एका वाक्याची दोन झाडं निघाली की ग्रामर संदिग्ध, मग त्याबद्दल वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

सहापर्यंत वाचून झालं आणि पुढे पुन्हा वजाचं चिन्ह दिसलं, की टूलसमोर दोन रस्ते येतात: वाचलेली वजाबाकी आधी पूर्ण करायची, किंवा पुढचं चिन्ह आत ओढायचं. कुणी काही सांगितलं नसेल तर ते आत ओढतं. म्हणजे उजवीकडून गट पडतात. अशा प्रत्येक जागी ते इशाराही देतं. अधिक आणि वजा मिळून चार जागा, गुणिले आणि भागिले मिळून चार. आठ इशारे.

ते कुणाला दिसले नाहीत, कारण फाइलच्या वरच एक ओळ होती: इथे आठ अपेक्षित आहेत. टूलमध्ये अशी सोय असते. आकडा जुळला की ते गप्प बसतं.

शेजारच्या टेबलावर ठाण्याचा सहकारी बसतो. तो माझ्या आधीपासून या प्रोजेक्टवर आहे. मी त्याला स्क्रीन दाखवली.

"मीच लिहिली ती ओळ," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी. बिल्ड रिपोर्टमध्ये वॉर्निंग शून्य पाहिजे होत्या, मी शून्य दिल्या."

"पण आठ होत्या."

"होत्या ना. म्हणून तर आठ लिहिलं. नऊ लिहिलं असतं तर चूक झाली असती."

"विनोद करू नकोस."

"अगं, रिव्ह्यूच्या कागदावर बघ. वॉर्निंग शून्य, गोल खूण, खाली तीन शिक्के. गेल्या वर्षीचा चौथा शिक्का कुणाचा आहे?"

माझा होता. रिपोर्टमध्ये शून्य दिसलं, मी गोल, म्हणजे इथली 'बरोबर'ची खूण, काढला आणि पुढच्या ओळीवर गेले. यादी पाळणाऱ्या माणसाची हीच गोची. खूण करायला जागा दिसली की हात खूण करतो.

दुरुस्ती चार ओळींची. वजाबाकीच्या उजव्या बाजूला तीच राशी न ठेवता खालच्या पायरीची ठेवायची. मग उजवीकडे दुसरी वजाबाकी कंसाशिवाय बसूच शकत नाही. दुसरं झाड उगवायला जागाच राहत नाही, गट डावीकडून पडतात. बेरीज, गुणाकार, भागाकार, सगळ्यांना हेच. मी आधी ती 'अपेक्षित आठ'ची ओळ काढून टूल चालवलं. आठ इशारे आले. नियम बदलून पुन्हा चालवलं. एकही नाही. ऑफिसातला चाचणीचा काटा बेचाळीस दाखवू लागला.

तिथेच संपायला हवं होतं. पण कारखान्यात आधीची सहाशेच्या वर सूत्रं पडली होती. ती सगळी मी जुन्या आणि नव्या वाचकातून, म्हणजे सूत्र वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून, नमुन्याचे आकडे घालून काढली. बरीचशी सारखी आली, कारण बहुतेक लाइनवर कंस घालायची सवय होती. सदतीस वेगळी आली. त्यांतलं एक बघून मला काहीच कळेना. एकूण वजन वजा खोकं अधिक झाकण. झाकणाचं वजन कुणी मिळवेल का?

दुसऱ्या दिवशी गाडी पकडून कारखान्यात गेले. जुन्या लाइनचे तंत्रज्ञ निवृत्तीला आलेले, बोलायला मोकळे. त्यांनी मला सरळ पॅनेलपाशी नेलं. बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी चिकटवलेली होती. हाताने लिहिलं होतं: दुसऱ्या वजाच्या जागी अधिक लिहावे.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मशीननेच. वजा लिहिलं तर चुकीचं येतं, अधिक लिहिलं तर बरोबर. आम्ही म्हटलं, असेल तुमची पद्धत."

"आम्हाला कळवलं का नाही?"

ते हसले. "कळवलं असतं तर तुम्ही कंस घाला म्हणाला असता. त्यापेक्षा अधिक लिहायला सोपं."

त्यांचं गणित अचूक होतं. पन्नास वजा सहा अधिक दोन हे आमच्या वाचकाने उजवीकडून वाचलं की सहा अधिक दोन आठ, पन्नासातून गेले, बेचाळीस. माझी दुरुस्ती बसवली की तेच सूत्र शेहेचाळीस देणार. नवी लाइन सुधारणार आणि जुनी बिघडणार. आणि नुसतं चुकीचं दिसून भागत नाही. बेचाळीस भरायचे असतील तर काटा चार जास्त दाखवतो, म्हणून प्रत्येक खोक्यात माल चार कमी पडतो. नव्या लाइनवर तेच चाललं होतं.

परतीच्या गाडीत उभ्याने मार्ग लिहून काढला. जुन्या वाचकाने जे झाड बांधलं असेल, त्याप्रमाणे सदतीसही सूत्रांत पूर्ण कंस घालायचे. कंस असले की जुना आणि नवा वाचक एकच उत्तर देतात. मग ग्रामर बदलायचं, एकही आकडा हलणार नाही. त्यानंतर प्रत्येक सूत्रापुढे कारखान्याने लिहायचं: आकडा बरोबर आहे, ठेवा, किंवा चूक आहे, असा बदला.

काचोंनी कागद शांतपणे वाचला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण सदतीस जागी कारखान्याचा शिक्का लागेल. तोपर्यंत ही बाब उघडी राहील. वीस तारखेला बाब उघडी असली, तर खरेदी विभाग तीनच महिन्यांचं काँट्रॅक्ट देतो. नियम आहे."

"आणि पत्रक काढून बंद केली तर?"

"तर सहा." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मी काही सांगणार नाही. बाब तुमच्या नावावर आहे."

त्या संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती अभ्यासाच्या टेबलावर होती.

"म्हणजे डिसेंबर?" तिने विचारलं.

"बंद केली नाही तर."

"मग क्लोज कर ना, आई. ब्रॅकेट्स घालायला सांग. सगळे घालतात."

"सगळे घालत नाहीत. ज्यांनी घातले नाहीत त्यांची खोकी कमी भरतायत."

"आणि माझे बोर्ड्स?"

मी तिच्या बोर्डाच्या तारखा माझ्या यादीत लिहून घेतल्या. "माझिदे," ती जपानीत पुटपुटली, म्हणजे खरंच का, आणि पुस्तकात डोकं घातलं. तिचं चूक नव्हतं. तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

बाब मी उघडीच ठेवली. त्यात मोठेपणा काही नव्हता. सूत्रं चुकतायत हे लेखी माहीत असताना पत्रकावर चौथा शिक्का पुन्हा मारायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. रोज सकाळी कारखान्याला फोन, रोज संध्याकाळी तक्ता. जुन्या लाइनच्या तंत्रज्ञांनी त्यांची बावीस सूत्रं दोन दिवसांत पाठवली, सगळ्यांपुढे 'ठेवा'. नव्या लाइनचे चार शिक्के 'बदला' लिहून झटपट आले. बाकीच्या लाइनच्या उरलेल्या अकरांसाठी शिक्का ज्यांच्याकडे होता ते प्रशिक्षणाला गेले होते आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला तो मारता येत नव्हता. मी विचारलं, फोनवर हो म्हणाले तर चालेल का? चालणार नव्हतं.

"अकरा अपेक्षित असं लिहून टाक," ठाण्याचा सहकारी म्हणाला. मग माझा चेहरा बघून, "चहा आणतो."

वीस तारखेला कागद गेले, अकरा उघडी असताना. चोवीस तारखेला अकराही शिक्के एका पाकिटात आले. अकराही ठिकाणी 'चूक, बदला' असं लिहिलं होतं. दुपारपर्यंत बदलली, टूल पुन्हा चालवलं, इशारा एकही नाही, रिव्ह्यूच्या कागदावर गोल काढला. या वेळी आधी फाइल उघडून वरची ओळ पाहिली.

काचो कागद घेऊन खरेदी विभागात गेले आणि वीस मिनिटांत परत आले. गेलेला अर्ज परत घेता येत नाही, डिसेंबरमध्ये नवा करू, त्या वेळी आपली एकही बाब उघडी नसेल, असं म्हणाले. मी तीन महिन्यांच्या काँट्रॅक्टवर सही केली. मग मुलीच्या शाळेला फोन लावला आणि विचारलं, विद्यार्थी डिसेंबरमध्ये भारतात परतला तर परीक्षेचं केंद्र बदलून मिळतं का, आणि त्यासाठी अर्ज कधीपर्यंत द्यावा लागतो. पलीकडच्या बाईंनी थांबायला सांगितलं. मी पेन उघडून थांबले.