पितळेतली मिशी

"माजी मिशी खड्ड्यान कुनी घातली?"

हा आवाज दिघ्याच्या आमच्या गाळ्यात उठला आणि पितळ कोरायचं मशीन दचकून बंद पडलं. वीज गेली होती असं आमचे शेठ म्हणतात. त्यांचं ऐकू नका. समोर बेलापूर गावठाणातले आजोबा उभे होते. हातात मीच बनवलेली पितळी पाटी, तिच्यावर उठावात त्यांचा चेहरा. दुसऱ्या दिवशी नव्या बंगल्याची वास्तुशांत, पाटी गेटवर लागायची होती. आणि ज्या मिशीवरून त्यांना उरणपर्यंत लोक ओळखतात, ती पाटीवर नाकाखालचं गटार झाली होती.

चूक माझीच. कुठं किती खोल कोरायचं हे मशीनला करड्या रंगाच्या चित्रातून सांगावं लागतं: पांढरं ते उंच, काळं ते खोल. मी आळस केला आणि त्यांचा फोटोच रंग उडवून मशीनला दिला. त्याला मिशी काय आणि विहीर काय! काळीभोर मिशी गेली आत, आणि फ्लॅशनं चकाकलेला नाकाचा शेंडा इतका बाहेर आला, की त्यावर छत्री टांगावी.

"आजोबा, कलप जरा कमी असता तर..."

"कलप? जल्मापासून काली हाय ती!"

मग आजोबा माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि मी नवं चित्र हातानं रंगवायला घेतलं. नाक पांढरं, मिशी जवळजवळ तेवढीच, गाल करडे, कान त्याहून गडद. काठ पुसून मऊ केले.

"आनखी वर काढ," आजोबा दर दोन मिनिटांनी.

"अजून वर काढली तर गेट उघडणार नाही."

त्यावरून मशीननं नवी पाटी कोरली. मिशी उंच झाली, पण गोरी दिसायला लागली. म्हणून तिच्यावर केसांच्या वळणानं बारीक रेघा दाट कोरल्या. रेघांत अंधार साचला, मिशी काळी झाली. वरून डावीकडून दिवा धरला, तर आजोबा पितळेतून माझ्यावर खेकसतील असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वास्तुशांतीला गेलो, तर गेटवर मिशी परत खड्ड्यात! हात लावून पाहिला, मिशी उंचच. मग दिसलं, आजोबांच्या सूनबाईंनी पाटीखालच्या कुंडीत हौसेनं दिवा लावला होता. उजेड खालून आला की सावल्या उलट्या पडतात आणि उठाव डोळ्यांना खोलगट भासतो. आपल्या डोळ्यांना उजेड वरूनच यायची सवय असते, हे मी तिथंच हातवारे करून पाच मिनिटं समजावलं.

"मग दिवा वर लावू का?" सूनबाई म्हणाल्या.

दिवा वर गेला, मिशी बाहेर आली. आजोबांनी आधी स्वतःची मिशी चाचपली, मग पाटीवरची.

"आता बरोबर ना, आजोबा?"

"मिशी माजी हाय. नाक कोनाचं हाय, ठाव नाय."