दादाचा फोन आणि आईच्या मोबाइलची बॅटरी

दादा कळंब्याच्या जेलात गेला त्या वर्षी आईसाठी मी नवा मोबाइल घेतला. बांधावरच्या भांडणात माणूस गेला आणि त्यात दादाचं नाव आलं. केस अजून उभीच राहिलेली नव्हती, वकिलानं जामिनाचा अर्ज तेवढा केला होता. वहिनी माहेरी निघून गेली. शाहूवाडीकडच्या आमच्या गावात आई एकटी उरली. मी कोल्हापुरात शाळेत शिकवते, मला रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं.

जेलमधून फोन येतो तो आधी मंजूर करून घेतलेल्या नंबरावरच. आत पाळी लागली की काही मिनिटं बोलायला मिळतात. इकडून उलटा फोन लावता येत नाही. दादानं आईचा नंबर दिला होता.

पण नवा मोबाइल दुपार धरत नव्हता.

"सकाळी भरून ठेवला तरी जेवणापतोर मरतोय बघ ह्यो," आई शेजारणीच्या फोनवरून मला सांगायची. पावसाळ्यात तिथं लाइट असली तर असली. मोबाइल बंद पडला की लाइट येईपर्यंत तो फळीवर नुसता पडून राहायचा.

मला वाटलं, बॅटरीच खराब आली. मोबाइल घेऊन आले, शहरातल्या दुकानात दाखवला. त्यात काहीच दोष निघाला नाही. माझ्या घरी तो दुसऱ्या दिवशीही चालूच होता. मी परत नेऊन दिला आणि आईचीच चूक धरली. "सारखी बटणं दाबत असशील," म्हटलं.

पुढच्या रविवारी मात्र मी दिवसभर गावात थांबले. मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर होता, कुणी हात लावला नव्हता. तरी तो कोमट लागत होता. पडद्यावर फाइव्ह-जीची एक काडी दिसायची, मग फोर-जी यायचं, परत फाइव्ह-जी. बॅटरी कशात गेली ते उघडून पाहिलं तर सगळ्यात वर मोबाइल नेटवर्क.

मग उलगडलं. फाइव्ह-जीचा टॉवर डोंगरापलीकडच्या मोठ्या गावात होता. आमच्याकडं त्याची जेमतेम रेंज यायची. ती धरायला मोबाइल जास्त जोर लावत होता, सुटली की परत शोधत होता. त्यातून फाइव्ह-जी धरलं तरी बऱ्याच ठिकाणी फोर-जीही सोबत चालू ठेवावं लागतं, म्हणजे दुहेरी खर्च. माझ्या घराजवळ रेंज भरपूर, म्हणून तिथं हे जाणवलंच नव्हतं. तिथं फाइव्ह-जी बंद करायचं कारणही नाही, मोठी फाइल पटकन उतरते आणि मोबाइल शांत बसतो. आईला मात्र त्या वेगाचं काय करायचं होतं? तिला एक फोन घ्यायचा होता, आणि तो फोर-जीवर व्यवस्थित येतो. गावातला फोर-जीचा टॉवर तर दारातून दिसत होता.

सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क फोर-जी केलं. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती.

"आता न्हाय मरत?" आईनं विचारलं.

"न्हाय मरत."

पण फोन आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. आई अंगणातसुद्धा मोबाइल कमरेला खोचून फिरत होती.

शेवटी मी भेटीची वेळ घेऊन कळंब्याला गेले. काचेपलीकडं दादा खाली मान घालून बसला होता.

"फोन का करत न्हाईस?" मी विचारलं.

"दर बारी बंदच लागतोय की. म्हटलं, आईनं मुद्दाम बंद ठेवलाय. माझी पाळी मग दुसऱ्याला देतोय. त्याची पोरगी लहान हाय."

मी त्याला सगळं सांगितलं, फाइव्ह-जी, डोंगर, बॅटरी. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"रेंजमुळं?" तो म्हणाला. "असू दे. तुला वाईट वाटतंय म्हणून सांगतीयास."

"शपथ, दादा. आई वाट बघतीया."

त्यानं मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे.

फोन आला तो गौरी-गणपतीच्या सुट्टीत. मी गावातच होते. आईनं दोन्ही हातांनी मोबाइल कानाला धरला. "जेवलास?" तिनं विचारलं. मग भाताची लावण कशी झाली ते सांगितलं, म्हैस व्याल्याचं सांगितलं. पलीकडून "व्हय" आणि "बरं" एवढंच येत होतं. मग ती परत भाताचंच सांगायला लागली. वेळ संपली आणि फोन कटला.

तिनं मोबाइल कानापासून काढला. मग माझ्यापुढं धरला.

"त्याचा आवाज असा का येत होता गं? ते पहिलं फाइव्ह का काय ते परत चालू करून बघ. त्यानं नीट ऐकू येईल."

"नेटवर्क बरोबर हाय, आई."

तिनं मोबाइल परत घेतला आणि पदरानं पुसत बसली. जामिनाचा अर्ज फेटाळला गेल्याचं वकिलानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, दादालाही ते कळलं असणार. ते तिला सांगायचं अजून बाकी होतं.